शिक्षकाच्या पहिल्या नोकरीचा अर्ज: छात्रसेवाकालातला एक पाठ पत्रात कसा मांडायचा

बी.एड.चा निकाल लागण्याच्या सुमारास माझे विद्यार्थी माझ्याकडे अर्जाचं पत्र दाखवायला घेऊन येतात. दहापैकी आठ पत्रांत एक वाक्य असतंच: "छात्रसेवाकालात मी विविध अध्यापन पद्धतींचा वापर करून प्रभावी अध्यापन केले." ज्यांनी हे लिहिलेलं असतं त्यांचे पाठ मी वर्गात मागच्या बाकावर बसून पाहिलेले असतात. त्यातल्या काहींनी खरोखर सुंदर काम केलेलं असतं आणि पत्रात त्याचा मागमूसही नसतो. मी एका शाळेच्या मुलाखत समितीवरही बसते, त्यामुळे टेबलाच्या पलीकडून हीच पत्रं कशी दिसतात तेही मला ठाऊक आहे. हे पत्र लिहायचं कसं, ते इथे एका उमेदवाराच्या उदाहरणावरून सांगते. तपशील मी थोडे बदलले आहेत.

आधी: हे पत्र चालतं कुठे?

महाराष्ट्रात अनुदानित शाळांमधली शिक्षकभरती 'पवित्र' पोर्टलवरून होते. तिथे अभियोग्यता चाचणीचे गुण आणि पसंतीक्रम महत्त्वाचे असतात, तुमचं पत्र कोणी मागत नाही. पत्राला वजन असतं ते स्वयंअर्थसहाय्यित शाळांत, सीबीएसई किंवा आयसीएसईच्या खासगी शाळांत, तासिका तत्त्वावरच्या जागांसाठी आणि कुणी दीर्घ रजेवर गेल्यामुळे तात्पुरत्या भरायच्या जागांसाठी. या शाळांच्या जाहिराती साधारण फेब्रुवारीपासून मे अखेरपर्यंत येत राहतात, कारण जूनच्या मध्यात शाळा सुरू होते (विदर्भात थोडी उशिरा) आणि त्याआधी वेळापत्रक लागायचं असतं.

जाहिरातीतल्या चार गोष्टी कागदावर उतरवून घ्या: पद, विषय, इयत्ता आणि माध्यम. पत्र कोणत्या भाषेत लिहायचं हे माध्यमावरून ठरवा. मराठी माध्यमाच्या शाळेला मराठीत लिहा, इंग्रजी माध्यमाच्या शाळेला इंग्रजीत. "स्वहस्ताक्षरात अर्ज करावा" असं जाहिरातीत असेल तर टाइप केलेलं पत्र पाठवू नका. तुमचं फळ्यावरचं अक्षर कसं असेल याचा अंदाज त्यांना घ्यायचा असतो.

पाठ टाचणांची फाइल उघडा

पत्राची सुरुवात कोऱ्या कागदापासून करायची नाही. समोर फाइल हवी. दोन वर्षांच्या बी.एड.मध्ये एकूण २० आठवडे शाळेत जातात, त्यातले बरेचसे दुसऱ्या वर्षी. एवढ्या काळाची पाठ टाचणं, मार्गदर्शक शिक्षकांचे शेरे, निरीक्षण तक्ते, घटक चाचणीचा संविधान तक्ता, कृतिसंशोधनाचा अहवाल, सगळं घरात कुठेतरी असतं. ते बाहेर काढा आणि एक अख्खी दुपार त्याच्यासोबत बसा.

शोधायचा आहे एक प्रसंग. मुलांची एखादी विशिष्ट चूक तुमच्या लक्षात आली, त्यावर तुम्ही काही केलं, आणि त्यानंतर काय बदललं (किंवा बदललं नाही) हे तुम्ही तपासलं, असा तो हवा. बहुतेक जण इथे आपला सर्वांत छान झालेला पाठ निवडतात, ज्यावर "उत्तम" असा शेरा आहे आणि ज्यासाठी थर्मोकोलचं मोठं मॉडेल बनवलं होतं. माझा अनुभव असा की त्या पाठाबद्दल लिहायला फारसं काही सापडत नाही. सगळं सुरळीत गेलं की सांगण्यासारखं उरत नाही. लाल शाईत "मुलांच्या चुकीच्या उत्तराकडे दुर्लक्ष झाले" असं लिहिलेलं टाचण शोधा. त्याच्या पुढच्या पाठात तुम्ही काय बदललंत, तिथे तुमचा परिच्छेद दडलेला असतो.

"मॅडम, मला धड पाठच मिळाले नाहीत, आम्हाला नुसते ऑफ तासांवर पाठवायचे," अशी तक्रार मी दरवर्षी ऐकते आणि ती पुष्कळदा खरी असते. पण ऑफ तासालाही मुलं समोर असतात. माझ्या एका विद्यार्थ्याने आठवीच्या ऑफ तासाला वाचनाच्या छोट्या चिठ्ठ्या नेल्या होत्या आणि कोणती मुलं जोडाक्षरावर अडतात याची वहीत नोंद ठेवली होती. त्या नोंदीवर त्याचं पूर्ण पत्र उभं राहिलं. पाठ किती घेतले या आकड्यापेक्षा तुम्ही मुलांकडे किती बारकाईने पाहिलंत, हे वाचणाऱ्याला जाणून घ्यायचं असतं.

एक प्रसंग जवळून

आता आपल्या उमेदवाराकडे वळू. विषय गणित, छात्रसेवाकाल एका मराठी माध्यमाच्या शाळेत, वर्ग सहावीचा. घटक होता दशांश अपूर्णांक. तिने पाठाच्या शेवटी प्रत्येकाला एक चिठ्ठी दिली आणि एकच प्रश्न विचारला: ३.४ आणि ३.२५ यांतली मोठी संख्या कोणती? वर्गात ४२ मुलं हजर होती. २७ जणांनी ३.२५ लिहिलं.

ही चूक गणिताच्या शिक्षकांच्या ओळखीची आहे. मुलं दशांश चिन्हाच्या पुढचा भाग पूर्ण संख्येसारखा वाचतात. तीन पॉइंट चार, तीन पॉइंट पंचवीस. पंचवीस चारपेक्षा मोठे, म्हणून ३.२५ मोठी. तिने दुसऱ्या दिवशी व्हरांड्यात मीटर टेप पसरली, खडूने ३.४ मीटरवर आणि ३.२५ मीटरवर खूण केली आणि मुलांना सेंटिमीटर मोजायला लावले. ३४० आणि ३२५. मग वर्गात येऊन ३.४ ला ३.४० लिहून दाखवलं.

पुढच्या आठवड्यात तिने पुन्हा चिठ्ठ्या वाटल्या आणि या वेळी दोन जोड्या विचारल्या: ५.६ आणि ५.४८, शिवाय ४.३ आणि ४.३७. दुसरी जोडी का, हे मी तिला मुद्दाम विचारलं. ती म्हणाली, "मॅडम, व्हरांड्यातल्या खेळानंतर काही मुलं 'कमी अंक असतात तीच मोठी' असं बोलताना ऐकली. त्यांनी पहिली जोडी बरोबर सोडवली असती, पण चुकीच्या कारणाने." आणि नेमकं तसंच होतं. एक चुकीचा नियम गेला की त्याच्या जागी दुसरा चुकीचा नियम बसू शकतो, आणि एकाच प्रकारचे प्रश्न विचारले तर तो पकडला जात नाही. त्या दिवशी हजर असलेल्या ४० पैकी २९ मुलांच्या दोन्ही जोड्या बरोबर आल्या. उरलेल्या ११ जणांना तिने ऑफ तासांत छोट्या गटात घेतलं. छात्रसेवाकाल संपला तेव्हा त्यातली ५ मुलं अजून अडखळत होती.

हे सगळं तिच्या पहिल्या मसुद्यात नव्हतं. तिथे होतं: "दशांश अपूर्णांक हा घटक मी कृतियुक्त पद्धतीने शिकवला व विद्यार्थ्यांचा उत्स्फूर्त प्रतिसाद मिळाला."

मधला परिच्छेद आधी लिहा

पत्राचा पहिला परिच्छेद सगळ्यांत आधी लिहायला घेतला की आपण "शिक्षक हा समाजाचा शिल्पकार" वगैरेवर जाऊन थांबतो. म्हणून मी मधल्या परिच्छेदापासून सुरुवात करायला लावते. पाच-सहा वाक्यं पुरतात. मुलं काय चुकत होती, ते तुम्हाला कसं कळलं, तुम्ही काय केलं, परत कसं तपासलं, काय उरलं. याच क्रमाने लिहा, कारण घडलंही याच क्रमाने.

लिहून झालं की तीन गोष्टी तपासा.

पहिली, श्रेय. मीटर टेपची कल्पना मार्गदर्शक शिक्षकांनी सुचवली असेल तर तसं लिहा. "मार्गदर्शक शिक्षकांच्या सूचनेवरून" हे तीन शब्द घातले म्हणून तुमचं काही कमी होत नाही. मुख्याध्यापकांना नवीन शिक्षकात हेच हवं असतं, की सांगितलेलं ऐकतो आणि करून पाहतो. शिवाय गावं लहान असतात, ते शिक्षक एकमेकांना ओळखत असण्याची शक्यता मोठी असते.

दुसरी, आकडे. जे मोजलं तेच लिहा. पहिल्या दिवशी ४२ आणि दुसऱ्या वेळी ४० हजर, हा फरक तसाच राहू द्या. "९५ टक्के विद्यार्थ्यांत सुधारणा झाली" असं लिहिलंत तर मुलाखतीत पहिला प्रश्न येतो, "कसं मोजलंत?" आणि तिथे उमेदवार गप्प होतो. मी हे अनेकदा समोर बसून पाहिलंय. मोजलंच नसेल तर आकडा टाळा आणि वहीत काय दिसलं ते लिहा.

तिसरी, मुलांची ओळख. पत्रात कोणत्याही मुलाचं नाव, फोटो किंवा घरची परिस्थिती येऊ देऊ नका. चिठ्ठ्या पुरावा म्हणून मुलाखतीला न्यायच्या असतील तर नावं झाकून घ्या.

आणखी एक जपायचं. छात्रसेवाकालाला "सहा महिन्यांचा अध्यापन अनुभव" म्हणू नका. शाळेच्या लेखी अनुभव म्हणजे नेमणूक झाल्यानंतरची सेवा. "छात्रसेवाकालात" असं स्पष्ट लिहिलंत की कोणाला शंका राहत नाही.

सुरुवात आणि शेवट

हे दोन्ही भाग छोटे असू द्या. सुरुवातीला कोणत्या जाहिरातीवरून, कोणत्या पदासाठी, आणि तुमची पात्रता. सहावी ते आठवीच्या जागेसाठी शिक्षक पात्रता परीक्षेचा पेपर दोन लागतो. उत्तीर्ण असाल तर पहिल्या दोन ओळींतच लिहा, कारण छाननी करणारा लिपिक आधी तेच शोधतो. निकाल लागायचा असेल तर "निकाल प्रतीक्षेत" असं सरळ लिहा, लपवू नका.

शेवटी दोनच गोष्टी: पाठ घेऊन दाखवायला तुम्ही केव्हा येऊ शकता आणि रुजू कधी होऊ शकता. बहुतेक खासगी शाळा मुलाखतीत एक पाठ घ्यायला लावतातच, तेव्हा आपणहून तसं म्हणणं चांगलं दिसतं. मार्गदर्शक शिक्षकांचा फोन नंबर संदर्भ म्हणून द्यायचा असेल तर आधी त्यांना विचारा. एकदा अशा नंबरवर फोन लावला तेव्हा पलीकडच्या बाईंना काहीच माहीत नव्हतं. त्या गोंधळल्या, आणि त्या गोंधळाचा तोटा उमेदवाराला झाला.

जात, वैवाहिक स्थिती, वडिलांचा व्यवसाय या गोष्टी पत्रात नकोत. अर्जाच्या नमुन्यात रकाना असेल तर तिथे भरा.

पूर्ण पत्र

प्रति,
मा. मुख्याध्यापक,
(शाळेचे पूर्ण नाव व गाव)

विषय: गणित शिक्षक (इयत्ता ६ वी ते ८ वी) या पदासाठी अर्ज

महोदय / महोदया,

दि. ___ रोजी प्रसिद्ध झालेल्या आपल्या जाहिरातीवरून मी वरील पदासाठी अर्ज करीत आहे. मी बी.एस्सी. (गणित) असून बी.एड.ची अंतिम परीक्षा दिली आहे, निकाल प्रतीक्षेत आहे. शिक्षक पात्रता परीक्षेचा पेपर दोन मी उत्तीर्ण झाले आहे.

छात्रसेवाकालात मी एका मराठी माध्यमाच्या शाळेत सहावीला गणित शिकवले. दशांश अपूर्णांकांच्या पहिल्या पाठानंतर ३.४ आणि ३.२५ यांतली मोठी संख्या विचारली तेव्हा ४२ पैकी २७ मुलांनी ३.२५ असे लिहिले. दशांश चिन्हापुढचे अंक ती पूर्ण संख्येसारखे वाचत होती. मार्गदर्शक शिक्षकांच्या सूचनेवरून मी व्हरांड्यात मीटर टेपवर दोन्ही लांबी मोजायला लावल्या. त्यानंतर काही मुलांनी 'कमी अंक असलेली संख्या मोठी' असा नवा समज करून घेतल्याचे दिसले, म्हणून पुढच्या चाचणीत दोन्ही चुका उघड होतील अशा दोन जोड्या विचारल्या. ४० पैकी २९ मुलांच्या दोन्ही जोड्या बरोबर आल्या. उरलेल्या ११ जणांना ऑफ तासांत छोट्या गटात शिकवले. छात्रसेवाकाल संपेपर्यंत त्यातील ६ जणांना ते जमले, ५ जणांना अजून सरावाची गरज होती.

आपल्या शाळेत सहावी ते आठवीला गणित एकाच शिक्षकाकडे असते, असे जाहिरातीवरून समजले. सहावीत राहिलेली अशी अडचण आठवीपर्यंत सोबत येते, तिच्यावर सलग तीन वर्षे काम करता येईल, यासाठी मला ही जागा महत्त्वाची वाटते.

पाठ घेऊन दाखवण्यासाठी आपण सांगाल त्या दिवशी मी येऊ शकेन. १० जूनपासून रुजू होणे मला शक्य आहे. सोबत शैक्षणिक कागदपत्रांच्या छायाप्रती जोडल्या आहेत.

आपली विश्वासू,
(सही, नाव, मोबाइल क्रमांक)

तिसरा परिच्छेद पाहा. तो जाहिरातीतल्या एका ओळीवरून आला आहे. प्रत्येक शाळेसाठी वेगळा लिहावा लागेल असा हा एकच भाग आहे, बाकीचं पत्र तसंच ठेवता येतं. जाहिरातीत काही नसेल तर शाळेत जाऊन या, फलक वाचा, शिपाईकाकांना शाळा किती तुकड्यांची आहे ते विचारा. आणि "आपली नामांकित संस्था" हे शब्द गाळा, ते प्रत्येक पत्रात असतात.

हे पत्र एका पानात मावतं. मावत नसेल तर पदविका, कार्यशाळा आणि स्पर्धांची यादी त्यात शिरली असणार. ती बायोडाटात हलवा.

पाठवताना

ईमेलने पाठवायचं असेल तर पत्र युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या मराठी फाँटमध्ये केलेली फाइल समोरच्या संगणकावर अगम्य चिन्हांत उघडते आणि पत्र न वाचताच बाजूला पडतं. वर्ड फाइल न पाठवता पीडीएफ करा आणि पाठवण्याआधी स्वतःच्या नाही, दुसऱ्या कुणाच्या मोबाइलवर उघडून बघा. पुष्कळ मुख्याध्यापक ते मोबाइलवरच वाचतात. फाइलला नाव असं द्या की डाउनलोडच्या ढिगात सापडेल:

```
Arj_Ganit_6-8_Aadnaav.pdf
```

ईमेलच्या विषयाच्या ओळीत पद आणि इयत्ता लिहा. मजकुराची जागा कोरी सोडू नका, पत्राचा पहिला परिच्छेद तिथेही टाका. दुसऱ्या शाळेसाठीचं पत्र याच फाइलमधून केलं असेल तर शाळेचं नाव, गाव आणि तारीख तीनदा तपासा. मागच्या शाळेचं नाव राहून गेलेलं पत्र माझ्या हातात दर हंगामात एखादं तरी येतं, आणि ते बाजूला ठेवताना वाईट वाटतं, कारण मधला परिच्छेद कधीकधी छान असतो.

प्रत्यक्ष नेऊन देणार असाल तर छायाप्रतीच द्या, मूळ प्रमाणपत्रं सोबत ठेवा पण हातची सोडू नका. कार्यालयातून आवक क्रमांक घ्या.

पत्रातल्या प्रसंगाची सगळी टाचणं आणि नावं झाकलेल्या चिठ्ठ्या एका पिशवीत वेगळ्या काढून ठेवा. मुलाखतीत प्रश्न तिथूनच येतात. आमच्या उमेदवाराला विचारलं गेलं, "त्या पाच मुलांचं आता काय करता आलं असतं?" तिने चिठ्ठ्या काढल्या आणि दाखवलं की पाचपैकी तिघं ३.०४ आणि ३.४ एकच समजतात, म्हणजे त्यांची अडचण शून्याच्या जागेची आहे, तुलनेची नाही, आणि त्यांच्यासाठी स्थानिक किमतीपासून पुन्हा सुरुवात करावी लागेल. मग त्यांनी तिला फळ्यापाशी बोलावलं आणि म्हणाले, ते शिकवून दाखवा.